वाक्य सोपे झाले, पण तेच राहिले का?

प्रश्न : तालुक्याच्या साप्ताहिकासाठी मी सरकारी प्रसिद्धिपत्रके सोप्या मराठीत लिहून देते. लांबलचक वाक्ये तोडताना मूळ अर्थ कुठे निसटला, हे माझे मलाच कळत नाही. मूळ मजकूर आणि माझा मजकूर शेजारी ठेवून वाचते, तेव्हा सगळे बरोबरच वाटते. तपासायची एखादी खात्रीची रीत आहे का?

उत्तर : शेजारी ठेवून वाचता, तिथेच घोटाळा होतो. मूळ वाक्य डोळ्यांसमोर असले की नव्या वाक्यातल्या मोकळ्या जागा आपण नकळत भरून घेतो. म्हणून तुलना वाक्यांची करू नका, उत्तरांची करा. मूळ वाक्यावरून प्रश्न काढायचे आणि त्यांची उत्तरे फक्त नव्या वाक्यातून मागायची.

एक बनवलेले वाक्य घेऊ, पण वळण तुमच्या ओळखीचे असेल :

‘घरांची पडझड झाल्याबाबत सरपंचांनी १२ जून रोजी केलेल्या अर्जावरून तहसीलदारांनी तलाठ्यांना पंचनामा करून सात दिवसांत अहवाल सादर करण्याचे निर्देश दिले, तथापि गावाचा रस्ता वाहून गेल्यामुळे २५ जूनपर्यंत पंचनामा होऊ शकला नाही.’

त्याचे सोपे रूप समजा असे झाले :

‘घरांची पडझड झाल्याचा अर्ज सरपंचांनी केला. १२ जूनला तहसीलदारांनी सात दिवसांत पंचनामा करण्याचे निर्देश दिले. गावाचा रस्ता वाहून गेला. २५ जूनपर्यंत तो झाला नाही.’

वाचायला सुटसुटीत आहे. सरपंच आहेत, तहसीलदार आहेत, दोन्ही तारखा आहेत. नावे आणि आकडे जुळवून पाहणारा माणूस यावर बरोबरची खूण करून मोकळा होईल. आता प्रश्न काढू.

प्रश्न अख्ख्या वाक्याला विचारायचे नाहीत, एकेका क्रियेला विचारायचे. आधी मूळ वाक्यातल्या क्रिया शोधा. ‘दिले’ आणि ‘होऊ शकला नाही’ या लगेच दिसतात. ‘केलेल्या’, ‘करून’, ‘सादर करण्याचे’, ‘वाहून गेल्यामुळे’ या आडोशाला असतात. प्रत्येकीला विचारा : कोणी, काय, कोणाला, केव्हा, का? मूळ वाक्य ज्याचे उत्तर देत नाही, त्यापुढे ‘सांगितलेले नाही’ असे लिहा. ही नोंद पुढे फार उपयोगी पडते.

मग ज्याने मूळ वाचलेले नाही अशा कोणाला तरी नवे रूप द्या आणि उत्तरे लिहून घ्या. तर्क करायचा नाही, कळत नसेल तर तसे सांगायचे, एवढी ताकीद द्या. आपल्या उदाहरणात काय हाती लागते ते पाहा.

अर्ज केव्हा केला? मुळात १२ जून, नव्यात कळत नाही. निर्देश केव्हा दिले? नव्यात १२ जून, मुळात मात्र सांगितलेलेच नाही. तारीख हरवलेली नाही, एका क्रियेवरून दुसरीवर सरकली आहे, म्हणून आकडे जुळवणाऱ्याला ती सापडत नाही. शिवाय वाचणारा आता १२ जूनपासून सात दिवस मोजून १९ जून ही मुदत धरेल, आणि त्याला मुळात आधार नाही.

निर्देश कोणाला दिले? तलाठी गायब आहेत. सात दिवसांत काय करायचे होते? मुळात अहवाल सादर करायचा होता, नव्यात पंचनामा करायचा आहे आणि अहवालाचे नावच नाही. २५ जूनपर्यंत काय झाले नाही? इथे उत्तर देणारा अडखळेल. ‘तो’ म्हणजे पंचनामा, पण आधीच्याच वाक्यात रस्ता आहे आणि तोही पुल्लिंगी. ‘रस्ता झाला नाही’ असे उत्तर आले तर दोष वाचणाऱ्याचा नाही. आणि पंचनामा का झाला नाही? ‘गेल्यामुळे’ काढून पूर्णविराम दिला तेव्हाच कारण गेले. आता दोन घटना नुसत्या शेजारी उभ्या आहेत.

उत्तरे चार प्रकारची येतात : जुळणारी, हरवलेली, बदललेली आणि वाढीव. हरवलेली लगेच लक्षात येतात. वाढीव उत्तरे पकडायला ‘सांगितलेले नाही’ ही नोंद लागते. ती नसती तर निर्देशांची तारीख सुटली असती.

मराठीत तीन जागा विशेष घसरड्या आहेत. पहिली ‘देण्यात आले’, ‘करण्यात आले’ ही रचना. ती कर्ता गिळते, आणि मुळात तीच असेल तर सोपे करताना आपण कर्ता स्वतःच्या मनाने घालतो. दुसरी प्रत्ययांची : ‘सरपंचाने ग्रामसेवकाला कळवले’ हे ‘ग्रामसेवकाला सरपंचाने कळवले’ असे फिरवले तरी काही बिघडत नाही, पण ने आणि ला यांची अदलाबदल झाली की सांगणारा आणि ऐकणारा उलटतात. तिसरी ‘गेल्यामुळे’ आणि ‘गेल्यावर’ यांची : पहिले कारण सांगते, दुसरे फक्त क्रम.

कल्पना नवी नाही. क्रियेशी प्रत्येकाचे नाते काय, हे पाणिनीने कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान आणि अधिकरण या सहा कारकांत मांडले. संगणकाला भाषा शिकवणाऱ्यांनाही तीच नाती हवी असतात. २०१५ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी ती टिपण्यासाठी साधे प्रश्न वापरले : प्रत्येक क्रियापदाला कोणी, काय, केव्हा असे विचारायचे आणि वाक्यातलेच शब्द उत्तर म्हणून घ्यायचे. त्यामुळे भाषाशास्त्र न शिकलेली माणसेही ते काम करू शकली.

पण पाच प्रश्नांची उत्तरे जुळली म्हणजे सगळे जुळले असे नाही. मुळात ‘पंचनामा होऊ शकला नाही’ आहे. ते ‘तलाठ्यांनी पंचनामा केला नाही’ असे लिहिले, तर क्रिया, तारीख आणि कारण सारे जागेवर राहते, पण अडचणीची हयगय होते. ‘करावा’चे ‘करता येईल’ झाले, ‘किमान’ किंवा ‘फक्त’ गळले, तरी हे प्रश्न गप्पच बसतात. म्हणून प्रत्येक क्रियेला सहावा प्रश्न जोडा : हे झाले, व्हायचे आहे, होऊ शकले नाही, की केले नाही? आणि आकड्यांमागचे ‘किमान’, ‘पर्यंत’, ‘आत’ वेगळे तपासा.

सगळे जमवून आपले वाक्य असे होईल : ‘घरांची पडझड झाल्याचा अर्ज सरपंचांनी १२ जूनला केला. त्यावरून तहसीलदारांनी तलाठ्यांना पंचनामा करून सात दिवसांत अहवाल देण्याचे निर्देश दिले. पण गावाचा रस्ता वाहून गेल्यामुळे २५ जूनपर्यंत पंचनामा होऊ शकला नाही.’ पहिल्या प्रयत्नात वाक्ये चार होती, इथे तीन आहेत. कारण आणि परिणाम एकाच वाक्यात ठेवल्याने एक वाक्य कमी झाले, आणि ‘तो’ची गरजही उरली नाही.

प्रत्येक ओळीला एवढा खटाटोप परवडणार नाही. मुदत, पैसे किंवा जबाबदारी ज्या वाक्यात असेल तेवढ्यांनाच ही चाचणी लावा. उत्तरे द्यायला दुसरे कोणी मिळाले नाही, तर प्रश्न आज लिहा आणि मूळ कागद बाजूला ठेवून उत्तरे उद्या शोधा.