वाचनपाठ : आजीला दिसलेली माऊ

मुलांनो, खालची तीन वाक्यं आधी मोठ्यानं वाचा.

भाऊ काल घरी आला. आता तो थोडं दूध पितो. भात खात नाही.

आता ही वाचा.

माऊ काल घरी आला. आता तो योडं दूघ पितो. मात खात नाही.

पहिली वाक्यं आपल्या वर्गातल्या एका मुलीनं लिहिली. दुसरी वाक्यं तिच्या आजीनं वाचली. आणि गंमत म्हणजे दोघींच्या समोर एकच पान होतं! हे कसं झालं, आणि ते आम्ही कसं सुधारलं, ते या पाठात वाचा. तुमच्या वहीतही हेच होत असेल, तर तुम्हालाही उपयोग होईल.

पत्र

ही मुलगी शारजात जन्मली, तिथेच शिकते. तिचे बाबा शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, लोखंडी फाटकं आणि जिने बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये काम करतात. शाळेला शुक्रवारी सुट्टी असते, पण बाबांना नसते. म्हणून कधी कधी ती वर्कशॉपच्या छोट्या ऑफिसात बसून मराठीचा अभ्यास करते.

त्या आठवड्यात तिचा लहान भाऊ आजारी होता. दोन रात्री तो हॉस्पिटलमध्ये होता. सातारा जिल्ह्यातली आजी काळजीत होती. भाऊ घरी आल्यावर मुलीनं आजीला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं, पानाचा फोटो काढला आणि पाठवला.

आजीचा लगेच फोन आला. "अगं, मांजर कधी पाळलंत? आणि माझ्या नातवाचं काय? त्याच्याबद्दल एक अक्षर नाही!"

आईनं सगळं समजावलं. आजी हसली. पण मुलगी हसली नाही. ती मला वर्गात म्हणाली, "दादा, मी आता हातानं लिहिणारच नाही. टाइप करून पाठवीन."

मी म्हटलं, "बरं. पण त्याआधी तो फोटो मला एकदा दाखव."

माझी चूक

मी दिवसा कंप्युटरचे प्रोग्रॅम लिहितो. प्रोग्रॅम बिघडला, की चूक जिथे दिसते तिथेच तिचं कारण असेल असं नाही, हे आम्हाला रोज शिकायला मिळतं. तरी मी इथे घाई केली. मला वाटलं, हिला 'भ' काढता येत नाही. म्हणून मी तिला वीस वेळा 'भ' लिहायला सांगितलं.

तिनं लिहिला. वीसच्या वीस 'भ' छान होते!

म्हणजे सुटं अक्षर बरोबर येत होतं, आणि शब्दात गेलं की बिघडत होतं. तुम्हीही हे करून पाहा. सुटं अक्षरच चुकत असेल, तर त्या अक्षराच्या वळणाचा सराव करायचा. पण सुटं अक्षर बरोबर आणि शब्द चूक असेल, तर दोष अक्षरात नसतो. मग रेघेकडे बघायचं.

फोटो कसा काढायचा

पहिला फोटो तिनं बसल्या बसल्या, तिरका काढला होता. तिरक्या फोटोत पानाचा लांबचा भाग लहान दिसतो आणि सरळ ओळीसुद्धा उतरत्या वाटतात. अशा फोटोवरून अक्षर तिरकं आहे की नाही, ते सांगता येत नाही.

म्हणून मी दुसरा फोटो मागितला. वही टेबलावर सपाट ठेवायची. फोन बरोबर वर धरायचा. पानाचे चारही कोपरे फोटोत यायला हवेत. उजेड खिडकीचा असावा आणि हाताची सावली पानावर पडू नये.

मग मी फोनमध्येच त्या फोटोवर लाल रंगानं आडवी रेघ काढली, अक्षरांच्या डोक्याजवळून. फोटो सुधारायच्या जागी जी पेन्सिल असते, तिनं हे करता येतं. आणि खरं कारण दिसलं. सगळ्या अक्षरांचे पाय वहीच्या ओळीला टेकले होते. पण डोकी? एक वर, एक खाली. कुणी लाल रेघेच्या बाहेर, कुणी तिच्यापर्यंत पोचलेलंच नाही.

बसणारी अक्षरं आणि लटकणारी अक्षरं

तिच्या बाबांच्या वर्कशॉपबाहेर पाटी आहे. तिच्यावर अरबी आणि इंग्रजी लिहिलं आहे. इंग्रजी अक्षरं ओळीवर बसतात. अरबी अक्षरं उजवीकडून डावीकडे जातात, काहींच्या शेपट्या खाली जातात, पण तीही खालच्या ओळीच्याच आधारानं चालतात. ही मुलगी शाळेत दोन्ही लिहिते. तिच्या हाताला 'खाली टेकवायचं' ही सवय लागली आहे.

मराठी अक्षर मात्र बसत नाही, ते लटकतं. दोरीवर कपडे वाळत घालतो ना, तसं. शर्ट लांब असतो, रुमाल छोटा असतो, पण वरची दोरी एकच. वरची रेघ म्हणजे आपली दोरी. तिला शिरोरेघ म्हणतात.

अक्षरं खाली टेकवली, की डोकी वरखाली होतात. मग वरची रेघ नीट बसत नाही. यावर आपल्या मैत्रिणीनं काय उपाय केला असेल? फोटोत हात दिसत नाही, म्हणून मी तिला लिहिताना पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढायला सांगितला. त्यात दिसलं, की ती आधी पूर्ण शब्द लिहायची, मग पट्टी ठेवून एका झटक्यात सरळ रेघ मारायची.

तिथेच 'भाऊ'ची 'माऊ' झाली.

याच पानावर छापलेले 'थ', 'ध' आणि 'भ' नीट पाहा. त्यांच्या डाव्या बाजूला वर एक गाठ आहे, आणि त्या गाठीवर रेघ नाही. रेघ फक्त उजव्या उभ्या दांड्यावर आहे. आता 'य', 'घ' आणि 'म' पाहा. त्यांच्यावर रेघ पूर्ण आहे. पट्टीची रेघ गाठीवरून गेली, की गाठ तिच्यात बुडते. मग 'थ' हा 'य' दिसतो, 'ध' हा 'घ' दिसतो आणि 'भ' हा 'म' दिसतो.

चार आठवड्यांचा सराव

आम्ही रोज सराव केला नाही. आठवड्यातून तीन दिवस, दहा मिनिटं. हात दुखला की थांबायचं.

पहिला आठवडा, दोरी. कोऱ्या कागदावर दोन आडव्या रेघा काढायच्या, एक सेंटिमीटर अंतरानं. वरची रेघ गडद, खालची पुसट. अक्षर वरच्या रेघेपासून सुरू करायचं आणि खाली सोडायचं. गडद रेघेच्या वर अर्धा सेंटिमीटर जागा वेलांटी आणि मात्रांसाठी, पुसट रेघेच्या खाली तेवढीच जागा उकारासाठी. या आठवड्यात फक्त सोपे शब्द लिहायचे : मका, घर, नाक, पाय. भारतातली दुरेघी वही असेल तर तीही चालेल.

बाबांनी आणखी एक युक्ती काढली. वर्कशॉपमध्ये लोखंडावर खुणा करायला पांढरा खडू असतो. त्यानं त्यांनी एका जुन्या पत्र्यावर लांब रेघ ओढली आणि म्हणाले, "बाळा, हिला लटकव बघू." पत्र्यावर अक्षर हाताएवढं मोठं येतं, आणि ते रेघेपासून सुटलं तर लगेच कळतं.

दुसरा आठवडा, उचल. आता पट्टी बंद. शब्द लिहायचा, मग वरची रेघ हातानं, तुकड्यांत ओढायची. गाठ आली की पेन्सिल उचलायची. 'दूध' लिहिताना 'दू'वर रेघ ओढायची, पेन्सिल उचलायची, गाठ ओलांडायची आणि मग 'ध'च्या दांड्यावर छोटी रेघ. 'भाऊ'मध्ये सुरुवात गाठ सोडूनच करायची. रेघ थोडी वाकडी आली तरी चालते. वाकड्या रेघेनं शब्द बदलत नाही, पण गाठ झाकली तर बदलतो.

तिसरा आठवडा, जोड्या. भात–मात, धन–घन, भान–मान. जोडीतला एकच शब्द कागदावर लिहायचा आणि घरातल्या कुणाला तरी वाचायला द्यायचा. कुठला शब्द आहे ते सांगायचं नाही! पाचपैकी पाच शब्द बरोबर वाचले गेले, की पुढे जायचं. अक्षर सुंदर आहे का, हे विचारायचंच नाही. वाचता आलं का, एवढंच विचारायचं.

चौथा आठवडा, पुन्हा पत्र. तेच पत्र, त्याच वहीत, आणि तसाच वरून काढलेला फोटो. दोन्ही फोटो शेजारी ठेवून तिनं स्वतः पाहिले. मी चुकांवर लाल गोल केले नाहीत. तिला सांगितलं, तुला आवडलेल्या एका अक्षराखाली हिरवी टिंब दे. तिनं 'भाऊ'मधल्या 'भ'खाली दिली.

'थ' मात्र अजून एका ठिकाणी 'य' दिसत होता. तो पुढच्या महिन्यात.

आई-बाबांसाठी एक गोष्ट : या सरावानं रेघेची सवय बदलते. मूल इंग्रजी, अरबी, मराठी सगळंच कष्टानं लिहीत असेल, किंवा थोड्याच वेळात बोटं दुखत असतील, तर नुसत्या फोटोवरून ठरवू नका. शाळेतल्या शिक्षकांशी आणि डॉक्टरांशी बोला.

आजीला नवं पत्र गेलं. या वेळी फोन आला तेव्हा आजीनं मांजराचं विचारलं नाही. तिनं विचारलं, "भात खायला लागला का गं तो?"

शब्दांचे अर्थ

शिरोरेघ – अक्षरांच्या डोक्यावरची आडवी रेघ
दुरेघी वही – दोन-दोन रेघांच्या जोड्या छापलेली वही
गाठ – अक्षराच्या टोकाचा छोटा गोल
पुसट – नीट न दिसणारं, फिकट
उकार – अक्षराखाली येणारी खूण, जसं 'दू' मधली

सराव

१. आजीला मांजर पाळलं आहे असं का वाटलं? दोन वाक्यांत लिहा.

२. सुटा 'भ' बरोबर आला, तेव्हा दादाला काय कळलं?

३. खालच्या शब्दांत पेन्सिल कुठे उचलाल? तिथे छोटी खूण करा : थंडी, आधी, भाजी, धागा, कथा.

४. तुमच्या वहीतल्या एका पानाचा वरून फोटो काढा. अक्षरांच्या डोक्याजवळून एक रंगीत रेघ ओढा. किती अक्षरं रेघेला लटकली आहेत आणि किती सुटली आहेत, ते मोजा. मग तुम्हाला आवडलेल्या एका अक्षराखाली हिरवी टिंब द्या.