‘डिड’च्या मागे कोण उभं राहतं

चि. मुग्धास,


तुझं पत्र मिळालं. नववीच्या वर्गातल्या एका मुलाने ‘आमच्या गावात पूर्वी वीज नसायची’ या वाक्याचं इंग्रजी करताना ‘डिडन्ट’नंतर ‘यूस्ड टू’ लिहिलं. तू शेवटच्या ‘डी’वर काट मारलीस आणि शाळेतल्या जुन्या सरांनी ‘मुलाचं बरोबरच आहे’ असं सांगितलं. तुझी काट योग्यच होती. पण मुलाने ‘का?’ विचारलं तर सांगायला कारण हवं, आणि ते कारण एकदा हाती आलं की ‘डेअर’ आणि ‘ऑट’ यांचंही कोडं सुटतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो मुलगा चुकला कशामुळे ते पाहा. बोलताना हा ‘डी’ ऐकूच येत नाही. पुढच्या ‘टू’मधल्या ‘टी’त तो विरून जातो आणि ‘यूस्टू’ एवढंच कानावर पडतं. मूळ इंग्रज बोलला तरी ‘यूस टू’ आणि ‘यूस्ड टू’ यांत कानाला फरक कळत नाही. त्यामुळे इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेसुद्धा लिहिताना अडखळतात आणि ‘डी’ राहिलेला छापील मजकूरही सापडतो. सरांनी असं कुठेतरी नक्की वाचलं असेल. तेव्हा मुलाला अडाणी ठरवू नकोस. परीक्षेत आणि काळजीपूर्वक लेखनात मात्र ‘डी’ नको. ‘डिड’ने भूतकाळ आधीच उचललेला असतो, म्हणून मागच्या क्रियापदाने मूळ रूपात उभं राहायचं. ‘डिडन्ट प्लेड’ कोणी लिहीत नाही, तसंच हे. त्या मुलाचं वाक्य असं व्हायला हवं: ‘देअर डिडन्ट यूस टू बी एनी इलेक्ट्रिसिटी इन अवर व्हिलेज.’ प्रश्न करायचा असेल तर ‘डिड देअर यूस टू बी अ वेल हिअर?’ यात ‘यूस’चं स्पेलिंग यू-एस-ई, उच्चार मात्र ‘वापरणे’ या अर्थाच्या ‘यूझ’सारखा नाही, शेवटी स्पष्ट ‘स’. हे फळ्यावर लिही आणि वाचूनही दाखव.

‘डी’ची धास्तीच नको असेल तर ‘नेव्हर’ वापरायला शिकव: ‘ही नेव्हर यूस्ड टू कम लेट.’ इथे ‘डिड’ नाही, म्हणून ‘डी’ हवाच. जुन्या ब्रिटिश पुस्तकांत ‘ही यूस्ड नॉट टू कम’ किंवा ‘यूस्ड ही टू कम?’ भेटेल. ते ओळखता यावं एवढंच पुरे, मुलांना लिहायला लावू नकोस.

आपल्या मुलांची खरी अडचण मात्र दुसरीकडे आहे. ‘मी रोज शाळेत जातो’ याचं इंग्रजी ते ‘आय यूस टू गो’ करतात आणि नकारात ‘आय डोन्ट यूस टू गो’. मराठीत ‘जायचो’ आणि ‘जातो’ दोन्ही सवयीची रूपं, म्हणून इंग्रजीतही दोन असतील असं त्यांना वाटतं. फार पूर्वी इंग्रजीत तसं वर्तमानाचं रूप होतंही, पण ते मेलं. आता ‘यूस’ हे मूळ रूप उरलंय ते फक्त ‘डिड’च्या मागे उभं राहण्यापुरतं. आजच्या सवयीला साधा वर्तमानकाळ: ‘आय गो टू स्कूल एव्हरी डे.’

आणि एक सापळा. ‘मला थंडीची सवय नव्हती’ म्हणजे ‘आय वॉजन्ट यूस्ड टू द कोल्ड.’ तुझा नियम शिकलेली हुशार मुलं इथलाही ‘डी’ खोडतील. इथे ‘वॉज’ आहे, ‘डिड’ नाही, आणि ‘यूस्ड’ हे विशेषणासारखं आलंय. म्हणून ‘डी’ राहतो आणि पुढे नाम किंवा ‘आयएनजी’चं रूप येतं.

आता ‘डेअर’. याचे दोन संसार आहेत. एक साध्या क्रियापदाचा: ‘ही डझन्ट डेअर टू आस्क हिज फादर’, ‘डझ ही डेअर टू आस्क?’ दुसरा ‘कॅन’, ‘मस्ट’च्या कुळातला: ‘ही डेअर नॉट आस्क हिज फादर’, ‘डेअर ही आस्क?’ दुसऱ्यात ‘डू’ नाही, ‘टू’ नाही आणि ‘ही’ असूनही ‘एस’ नाही. ‘एस’ का नाही, हे विचारणारा विद्यार्थी भेटला तर त्याला सांग की ‘डेअर’चं आजचं वर्तमानरूप मुळात एका जुन्या भूतरूपातून आलंय, ‘कॅन’ आणि ‘मे’ यांच्यासारखंच, आणि भूतरूपाला ‘एस’ लागत नसे.

हा दुसरा संसार फक्त नकारात आणि प्रश्नात, किंवा ‘हार्डली’सारख्या नकाराची छाया असलेल्या वाक्यात चालतो. ‘ही डेअर आस्क’ असं सरळ होकारार्थी वाक्य आज कोणी करत नाही. आपल्याकडे ‘धजणे’ पाहा. ‘तो बोलायला धजत नाही’, ‘कोण धजेल?’ हे सहज येतं, पण नुसतं ‘तो बोलायला धजतो’ क्वचितच ऐकू येतं. वर्गात हेच सांग, मुलांच्या लगेच लक्षात येईल.

दोन्ही संसारांची सरमिसळ झाली की चूक होते: ‘ही डेअर नॉट टू आस्क’, ‘ही डझन्ट डेअर्स’. एक सरमिसळ मात्र रूढ झाली आहे, ती म्हणजे ‘ही डझन्ट डेअर आस्क’. तिथे ‘डझन्ट’ आहे, पण ‘टू’ गाळलाय. त्याला चूक धरू नकोस. भूतकाळात मुलांना ‘डिडन्ट डेअर टू आस्क’ शिकव, ते सर्वांत निर्धोक. ‘डेअर्ड नॉट आस्क’ही बरोबर, पण पुस्तकी वाटतं. आणि ‘आय डेअर यू टू जम्प’ यातलं आव्हानाचं ‘डेअर’ नेहमी पहिल्या संसारातलं, त्याचा नकार ‘डू’शिवाय होत नाही.

राहिलं ‘ऑट’. हे ‘डिड’च्या मागे का जात नाही? कारण ‘डिड’ला मागे मूळ रूप लागतं. ‘यूस’ला ते आहे, ‘डेअर’ला आहे. ‘ऑट’ मात्र ‘ओ’ म्हणजे देणं लागणे या क्रियापदाचं जुनं भूतरूप. ते मूळ घरापासून तुटलं आणि त्याचं स्वतःचं मूळ रूप उरलंच नाही. म्हणून नकार त्याच्याच पाठीला लागतो: ‘यू ऑट नॉट टू टेल हर’, आखडून ‘ऑटन्ट टू’. प्रश्नात ते स्वतःच पुढे येतं: ‘ऑट वी टू टेल हर?’ इंग्लंडच्या काही बोलींत ‘डिडन्ट ऑट टू’ म्हणतात आणि कादंबऱ्यांतली पात्रंही तसं बोलतात, पण उत्तरपत्रिकेत ते चुकीचंच. अमेरिकेत नकारानंतर ‘टू’ गाळण्याची पद्धत आहे. तू मात्र ‘टू’ ठेवूनच शिकव.

भूतकाळ ‘डिड’ने होत नाही, म्हणून तो ‘हॅव’ने दाखवतात: ‘तू तिला सांगायला नको होतंस’ म्हणजे ‘यू ऑट नॉट टू हॅव टोल्ड हर.’ ‘नॉट’, ‘टू’, ‘हॅव’ हा क्रम मुलं हमखास उलटसुलट करतात, तेव्हा यावर चार वाक्यं जास्त करून घे. बोलताना मात्र इंग्रज माणूसही प्रश्नात ‘ऑट’ टाळतो आणि ‘शूड वी टेल हर?’ म्हणतो. तोंडी परीक्षेत कोणी तसं म्हटलं तर गुण कापू नकोस.

सरांशी वाद घालत बसू नकोस. त्यांना ‘डिडन्ट प्लेड’चं उदाहरण दाखव आणि त्या मुलाची वही एकदा माझ्याकडे पाठव. त्याने ‘देअर’ नीट वापरलं होतं का, ते मला पाहायचंय.

तुझी,
मावशी