तिशीतील पुरुषाची ताठरतेची तक्रार : शरीर की मन?

या पानासाठी येणाऱ्या प्रश्नांपैकी काही प्रश्न बिननावाचे असतात. त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. वय तीस ते चाळीसच्या दरम्यान, लग्न झालेले, एरवी तब्येत ठणठणीत. पण संबंधाच्या वेळी लिंगाला ताठरता येत नाही, किंवा आली तरी लगेच जाते. "मी नपुंसक झालो का?" असे हे बांधव विचारतात. अशा शंकांना छापील उत्तर देणे एके काळी गुन्हा ठरले होते. 'समाजस्वास्थ्य' मासिकातून वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिल्याबद्दल र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू न्यायालयात मांडली ती बाबासाहेबांनी. म्हणून आम्हीही हा विषय आडपडदा न ठेवता, पण नीट समजावून मांडत आहोत.

ताठरता येते कशी?

लिंगात हाड नाही, आणि ते हातापायासारखे हुकमाने हलवता येईल असा स्नायूही नाही. आत स्पंजासारखे दोन लांबट भाग असतात. एरवी त्यांतील बारीक स्नायू आवळलेले असतात, त्यामुळे रक्त थोडेच येते. कामभावना जागी झाली की कण्याच्या खालच्या भागातून निघणाऱ्या नसा निरोप देतात, तेथे नायट्रिक ऑक्साइड नावाचा पदार्थ सुटतो आणि हे स्नायू सैल पडतात. मग रक्त आत भरते, फुगलेल्या स्पंजाच्या दाबाने परतीच्या शिरा दबतात आणि रक्त आतच थांबते. यालाच ताठरता म्हणतात.

म्हणजे ताठरता येण्यासाठी आतले स्नायू सैल पडावे लागतात. ज्या नसा हे काम करतात त्या शरीर निवांत असताना काम करणाऱ्या यंत्रणेतल्या आहेत. याच्या उलट दुसरी यंत्रणा संकटाच्या वेळची. समोर साप दिसला की छाती धडधडते, हातपाय गार पडतात, तळहाताला घाम येतो. त्या वेळी अॅड्रेनॅलिन आणि त्याच्यासारखी रसायने रक्तात आणि नसांच्या टोकांशी सुटतात. त्यांच्यामुळे लिंगातील स्नायू आवळले जातात आणि भरलेले रक्त बाहेर पडते. साप खरा असो वा "आजही जमले नाही तर?" हा विचार असो, शरीर दोन्हींना सारखेच उत्तर देते. मानसिक कारण म्हणजे 'मनाचे खेळ' नव्हेत. ती नसा आणि रक्तवाहिन्यांत प्रत्यक्ष घडणारी गोष्ट आहे.

एका चुकलेल्या रात्रीचे पुढे काय होते

समजण्यासाठी एक नमुन्याचे उदाहरण घेऊ. वय ३४, कारखान्यात कंत्राटी कामगार, लग्नाला चार वर्षे. दोन खोल्यांच्या घरात आई-वडील बाहेरच्या खोलीत झोपतात. घरासाठी कर्ज काढलेले, आणि कंत्राट पुढे चालू राहील की नाही याची खात्री नाही. एका नातेवाइकाच्या हळदीला थोडी जास्त दारू झाली, त्या रात्री ताठरता आली नाही. दारूने नसांचे काम मंदावते, शिवाय दिवसभराची दगदग. असे कोणाचेही होऊ शकते आणि यात आजार काहीच नाही.

खरी अडचण दुसऱ्या वेळी सुरू झाली. चार दिवसांनी जवळ येताना त्याचे लक्ष पत्नीकडे नव्हते, स्वतःकडे होते. "येतेय का? टिकेल का?" असे तो मनात तपासत राहिला. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९७० साली याच सवयीवर बोट ठेवले होते : माणूस संबंधात सहभागी न राहता स्वतःचाच प्रेक्षक बनतो. स्पर्श, गंध, जवळीक यांतून जी उत्तेजना मिळायची तिच्यावरचे लक्ष उडते आणि वर भीतीमुळे स्नायू आवळतात. दोन्ही बाजूंनी ताठरता जाते. आता त्याच्याकडे दोन अपयशांचा 'पुरावा' झाला. तिसऱ्या वेळी भीती आणखी मोठी. महिनाभरात तो उशिरा झोपायला येऊ लागला, मुद्दाम रात्रपाळी मागू लागला.

पत्नीला कारण माहीत नाही. "मी आवडत नाही का? बाहेर कोणी आहे का?" असे तिला वाटू लागले. घरात मूल कधी, याची विचारणा सुरूच होती, आणि सासूबाईंनी तपासणीला नेले ते तिलाच. तिचे सगळे अहवाल चांगले आले, तरी बोल तिलाच लागत राहिले. नवऱ्याच्या न बोलण्याची किंमत अशी बहुतेक वेळा बाईच मोजते.

ओळखायचे कसे?

अशा माणसाला जाणकार डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात : "सकाळी जाग येते तेव्हा ताठरता असते का?" निरोगी पुरुषाला रात्रीत साधारण तीन ते पाच वेळा, स्वप्नांच्या झोपेत, आपोआप ताठरता येते. सकाळी दिसते ती त्यांतली शेवटची. झोपेत भीती नसते, परीक्षा नसते. तेव्हा ताठरता नीट येत असेल तर रक्तवाहिन्या आणि नसा काम करीत आहेत, हे उघड आहे. जुन्या काळी डॉक्टर झोपताना लिंगाभोवती टपाल तिकिटांची पट्टी सैल न ठेवता चिकटवायला सांगत. सकाळी छिद्रांच्या रेषेवर पट्टी फाटलेली असली की रात्री ताठरता आली, एवढे कळत असे.

आणखी तीन गोष्टी पाहतात. तक्रार अचानक, एखाद्या प्रसंगानंतर सुरू झाली की वर्षभरात हळूहळू वाढत गेली? हस्तमैथुनाच्या वेळी ताठरता येते का? काही वेळा जमते आणि काही वेळा नाही, असे आहे का? अचानक सुरुवात, एकट्याने असताना अडचण नाही, सकाळची ताठरता शाबूत, असे चित्र असेल तर कारण बहुधा मानसिक असते. आमच्या उदाहरणातील माणसाचे तिन्ही उत्तर असेच होते. तिशीत हे चित्र जास्त दिसते, कारण रक्तवाहिन्या कडक होणे, जुना मधुमेह यांसारखी शारीरिक कारणे वाढत्या वयाबरोबर वाढतात. नोकरी, कर्ज, घरातील अपुरा एकांत, मूल होण्याचा दबाव यांचे ओझे मात्र याच वयात सर्वाधिक असते.

पण शरीर तपासल्याशिवाय ठरवू नये

ताठरता हळूहळू कमी होत गेली, सकाळचीही येईनाशी झाली आणि प्रत्येक वेळी तसेच घडते, तर शारीरिक कारण शोधलेच पाहिजे. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. त्यामुळे चरबी साचू लागली की तक्रार आधी येथे दिसू शकते आणि हृदयाची काही वर्षांनी. तंबाखू-सिगारेट ओढणारा, रक्तदाब असलेला, घरात मधुमेह असलेला तिशीतला माणूसही यातून सुटत नाही. म्हणून रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातील चरबी एकदा तपासावी. इच्छाच कमी झाली असेल तर सकाळच्या वेळी टेस्टोस्टेरॉनही तपासतात. नैराश्यावरची आणि रक्तदाबाची काही औषधेही ताठरता कमी करतात. ती मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावीत. सततची रात्रपाळी किंवा खोल नैराश्य असेल तर सकाळच्या ताठरतेची खूणही फसवू शकते. आणि दोन्ही कारणे एकत्र असणे हे तर नेहमीचेच : थोडी शारीरिक कुरबुर, तिच्यावर मोठी धास्ती.

उपाय काय?

पहिला उपाय म्हणजे ठरवून काही काळ संभोग बंद ठेवणे. हे ऐकून नवल वाटेल, पण परीक्षाच रद्द झाली की नापास होण्याची भीती राहत नाही. समुपदेशक पती-पत्नी दोघांना एकत्र बसवून हे सांगतात. पहिले दोन आठवडे, आठवड्यातून दोन-तीन वेळा, अर्धा तास एकमेकांना केवळ स्पर्श करायचा : पाठ, हात, केस, पाय. स्तन आणि जननेंद्रिये वगळायची. लक्ष स्पर्श कसा लागतो यावर ठेवायचे. पुढच्या टप्प्यात सर्व शरीराला स्पर्श, पण संभोग नाहीच. या टप्प्यात ताठरता आली तर मुद्दाम थांबायचे, ती जाऊ द्यायची आणि पुन्हा स्पर्श सुरू करायचा. गेलेली ताठरता परत येते, हे माणूस स्वतः अनुभवतो. "गेली म्हणजे संपले" ही समजूत येथेच मोडते. त्यानंतर घाई न करता संभोगाकडे वळतात. दोन खोल्यांच्या घरात यासाठी एकांत मिळवणे हाच उपचाराचा अर्धा भाग असतो. आई-वडील विहारात किंवा गावी गेल्याची वेळ साधावी लागते.

आमच्या उदाहरणातील माणसाने सर्वांत अवघड गोष्ट याच्याही आधी केली. त्याने पत्नीला सांगितले, "दोष तुझ्यात नाही. मला भीती बसली आहे." तिनेही मनातला संशय बोलून दाखवला. त्या दिवसापासून ती परीक्षक राहिली नाही.

सिल्डेनाफिलची गोळी काही वेळा डॉक्टर थोड्या आठवड्यांसाठी देतात, जेणेकरून दोन-चार वेळा जमले की भीती ओसरेल. ही गोळी नायट्रिक ऑक्साइडचे काम लांबवते, उत्तेजना निर्माण करीत नाही. धास्ती तशीच असेल तर गोळीही निकामी ठरू शकते. ती दुकानातून परस्पर घेऊ नये. छातीदुखीसाठी नायट्रेटची औषधे घेणाऱ्याने ती घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

रस्त्याच्या कडेचे तंबू आणि भिंतींवरच्या 'गुप्तरोग' जाहिराती यांचा धंदा एकाच समजुतीवर चालतो : लहानपणीच्या हस्तमैथुनाने किंवा स्वप्नदोषाने 'धातू' गेला, म्हणून कमजोरी आली. वीर्य शरीरात सतत तयार होत असते आणि ते गेल्याने ताठरता जात नाही. पण ही भीती मात्र ताठरता घालवू शकते, आणि ती भीतीच तेथे विकत मिळते. त्यांच्या 'जडीबुटी'च्या पुड्यांत गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेले अनेकदा सापडले आहे. म्हणून 'गुण आला' असे वाटते आणि धोका कळत नाही.

एखाद-दुसऱ्या वेळी न जमणे हा आजार नाही. काही महिने बहुतेक वेळा हीच अडचण येत असेल, किंवा तिच्यामुळे घरात अबोला आला असेल, तर आधी जवळच्या एमबीबीएस डॉक्टरांकडून वरच्या तपासण्या करून घ्याव्यात. त्या ठीक आल्या तर जिल्हा रुग्णालयाच्या किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात जावे. जाताना शक्य असेल तर दोघांनी मिळून जावे, आणि सकाळची ताठरता येते की नाही हे दोन आठवडे पाहून, कागदावर लिहून सोबत न्यावे. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असेल.