फाउंड्री विकत घ्यावी का?

प्रश्न : कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. ज्या फाउंड्रीकडून आम्ही बहुतेक कास्टिंग घेतो, तिचे मालक वयोमानामुळे व्यवसाय विकत आहेत. त्यांच्या मालातला एक तृतीयांश आमच्याकडे येतो, बाकी इतर मशीन शॉपना जातो. व्याज, घसारा आणि कर धरण्याआधी फाउंड्रीचा नफा वर्षाला 2 कोटी आहे आणि ते 14 कोटी मागतात. आमच्या सल्लागारांनी वर्षाला 1 कोटी 20 लाखांची सिनर्जी काढून दिली आहे : फाउंड्रीला आज द्यावा लागणारा नफा वाचेल तो 60 लाख, रिजेक्शन आणि वाहतुकीत 30 लाख, ऑफिस आणि खरेदी एकत्र केल्याने 30 लाख. शेजारचं एक मशीन शॉपही विक्रीला आहे. विस्तार उभा करावा की आडवा? आणि विलीनीकरण करावं की नुसती खरेदी?

उत्तर : तुमचे दोन्ही प्रश्न दुय्यम आहेत. पत्रामागची खरी धास्ती ही, की फाउंड्री एखाद्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेली तर तुमचं कास्टिंग बंद होईल. ही धास्ती रास्त आहे, पण तिच्यावर 14 कोटी हा फार महाग इलाज आहे. शेजारचं मशीन शॉप विसरा. तुमची अडचण पुरवठ्याची आहे, मशीनं कमी असण्याची नाही. आणि विलीनीकरणाच्या मंजुऱ्यांत पडण्याचं तुम्हाला काहीच कारण नाही. तुम्ही विचारायला हवं होतं ते वेगळंच : एकत्र येण्याने खरोखर नवी बचत किती होते, आणि किंमत ठरताना ती कोणाच्या खिशात जाते?

आधी सल्लागारांचा कागद पाहू. पहिले 60 लाख ही सिनर्जीच नाही. तुमच्या कास्टिंगवर फाउंड्री जो नफा कमावते, तो तिच्या 2 कोटींत आधीच धरलेला आहे. फाउंड्रीची किंमत नफ्याच्या पाचपट धरून 10 कोटी मोजाल तेव्हा त्या 60 लाखांचे पैसे देऊन झालेले असतील. तेच पुन्हा बचत म्हणून मांडणं म्हणजे एकाच रकमेचे दोनदा पैसे देणं, आणि पुरवठादार विकत घेण्याच्या सौद्यांत ही चूक हमखास सापडते. उरले 60 लाख. हे खरे असू शकतात, पण पहिल्या दिवसापासून मिळणार नाहीत. रिजेक्शन कमी करायचं तर पॅटर्न, गेटिंग, वाळूची तपासणी यांत हात घालावा लागतो. दोन ऑफिसं एक करायची तर कोणाला तरी नुकसानभरपाई देऊन मोकळं करावं लागतं, संगणकप्रणाली बदलावी लागते. पहिलं वर्ष कोरडं, दुसऱ्या वर्षी 30 लाख, तिसऱ्यापासून 60 लाख आणि सुरुवातीचा एकदाच होणारा खर्च 50 लाख असं धरा. सात वर्षांत हातात पडतात 2 कोटी 80 लाख. मालक मात्र या बचतीपोटी 10 कोटींच्या वर 4 कोटी आजच, रोख मागत आहेत. कर्जाचं व्याज बाजूला ठेवलं तरी सात वर्षांत मुद्दलसुद्धा सुटत नाही.

इथेच माणसं बुडतात. बचत तुम्ही घडवायची, जोखीम तुमची, राबणं तुमचं. आणि तिचा मोबदला विकणारा घेऊन मोकळा होतो. याचं सर्वांसमोर घडलेलं उदाहरण म्हणजे टाटा स्टील आणि कोरस. ऑक्टोबर 2006 मध्ये टाटांनी या अँग्लो-डच पोलाद कंपनीला दर शेअरमागे 455 पेन्स देऊ केले. मग ब्राझीलची सीएसएन चढाओढीत उतरली, आणि जानेवारी 2007 च्या अखेरीस झालेल्या लिलावात सीएसएन 603 वर थांबली, टाटा 608 पेन्सला जिंकले. एकूण किंमत सुमारे 6.2 अब्ज पौंड. कल्पना वाईट नव्हती : भारतात स्वतःच्या खाणींतल्या लोहखनिजावर स्वस्त पोलाद बनवायचं आणि युरोपातल्या गिरण्यांत त्याचा उंची माल करायचा. पण ऑक्टोबर ते जानेवारी या साडेतीन महिन्यांत कोरसच्या भट्ट्या बदलल्या नव्हत्या, खनिज स्वस्त झालं नव्हतं, अपेक्षित बचतही वाढली नव्हती. वाढले ते फक्त 153 पेन्स, आणि त्यांच्यासोबत बचतीतला कोरसच्या भागधारकांचा वाटा.

यावर कोणी म्हणेल की घात 2008 च्या मंदीने केला. मंदी होतीच, आणि भारतातून स्वस्त पोलाद पाठवण्याचा बेतही ठरल्याप्रमाणे उतरला नाही. पण वाजवी किमतीत घेतलेला धंदा मंदीचा फटका पचवू शकतो; भविष्यातली बचत आधीच किमतीत मोजलेली असेल तर तो फटका पेलायला जागाच उरत नाही. 2016 मध्ये ब्रिटनमधला लाँग प्रॉडक्ट्सचा व्यवसाय अवघ्या एका पौंडाला विकावा लागला. टाटांच्या पाठीशी जमशेदपूर होतं, म्हणून ते तगले. तुमच्या पाठीशी बहुधा राहतं घर आणि बँकेला दिलेली वैयक्तिक हमी असेल.

दुसरा आक्षेप तुमच्या मनात असणारच : मी नाही घेतली तर प्रतिस्पर्धी घेईल. घेऊ द्या, जर तो 14 कोटी देणार असेल. त्यालाही हाच हिशेब लागू आहे, आणि जास्त दराने घेतलेली फाउंड्री त्यालाच कर्जात अडकवेल. शिवाय फाउंड्रीचा दोन तृतीयांश माल घेणारे कोण आहेत ते पाहा. त्यांतले काही तुमचेच प्रतिस्पर्धी असतील, आणि मालकी तुमच्याकडे येताच आपली ड्रॉइंग आणि आपले दर तुमच्या टेबलावर जातील या भीतीने ते दुसरी फाउंड्री शोधतील. अमेरिकेत एटी अँड टीने 1996 मध्ये दूरध्वनी उपकरणांचा व्यवसाय ल्युसेंट म्हणून वेगळा केला, त्यामागचं एक मोठं कारण हेच होतं : सेवेत स्पर्धा करणाऱ्या कंपन्या तिच्याकडून उपकरणं घ्यायला कचरत होत्या. इंडक्शन भट्टी अर्धी भरो की पूर्ण, विजेचा डिमांड चार्ज भरावाच लागतो. अशा ग्राहकांपैकी दोघे गेले तरी 2 कोटींचा नफा झपाट्याने खाली येईल. सल्लागारांच्या कागदावर हा तोटा कुठेच नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. तुमच्या पॅटर्नची मालकी तुमची आहे हे लेखी करून घ्या आणि दुसऱ्या एखाद्या फाउंड्रीत निदान दोन-तीन भागांचे नमुने मंजूर करून घ्या. पुरवठ्याची धास्ती यानेच बरीच ओसरेल. मग आजच्या मालकांशी तीन ते पाच वर्षांचा पुरवठा करार करा आणि फाउंड्री कोणीही घेतली तरी तो नव्या मालकावर बंधनकारक राहील असं कलम घाला. एवढं झाल्यावरही घ्यावीशी वाटली, तर बोली 10 कोटींच्या आसपास सुरू करा, 11 वर थांबा, आणि त्यातला एक कोटी दोन वर्षांनी, इतर ग्राहकांची मागणी टिकली तरच द्यायचा ठरवा. कंपनीचे शेअर घेऊ नका. भविष्यनिर्वाह निधीची थकबाकी, जीएसटीचे जुने वाद, प्रदूषण मंडळाच्या नोटिसा सगळं कंपनीबरोबर येतं. व्यवसाय खरेदी करा, जुन्या देण्यांची लेखी हमी विकणाऱ्याकडून घ्या, आणि भूखंडाच्या हस्तांतरणाला एमआयडीसीची परवानगी व शुल्क लागतं ते किमतीत आधी धरा. मालक 14 वर अडून राहिले तर विक्री होऊ द्या. तुमचा पुरवठा करार त्याआधी सहीशिक्क्यानिशी झालेला असला म्हणजे झालं.