नाव गेले, संदेश उरले

एखाद्याने आपले खाते कायमचे पुसून टाकले, तरी त्याचे जुने संदेश इतरांच्या पडद्यावर राहू शकतात. फक्त नाव बदलते. टेलिग्रामवर त्या जागी `Deleted Account` दिसते, तर रेडिटवर `[deleted]`. असे का होते?

अशा सेवेच्या संगणकात दोन तक्ते आहेत, अशी कल्पना करा. पहिला सदस्यांचा. त्यात लिहिले आहे : क्रमांक ४१, नाव सुमन. दुसरा संदेशांचा. त्यात आहे : ‘उद्या वही आण’, लेखक ४१. म्हणजे संदेशाजवळ नाव नाही, नुसता क्रमांक आहे. संदेश दाखवताना संगणक पहिल्या तक्त्यात ४१ शोधतो आणि तेथील नाव लिहितो. म्हणूनच सुमनने नाव बदलले, की तिच्या जुन्या संदेशांवरही नवे नाव दिसू लागते.

खाते पुसल्यावर ४१ पुढचे नाव नाहीसे होते. तिचे संदेशही काढले, तर मैत्रिणींनी दिलेली उत्तरे कशाला होती हे कळणार नाही. म्हणून संदेश ठेवून नावाच्या जागी एक ठरावीक शब्द दाखवतात.

मात्र ‘सुमन, आणते हं’ असे मैत्रिणीने लिहिले असेल, तर ते नाव मजकुराचाच भाग असते. ते तसेच राहते!

तेव्हा आपले शब्दही जावेत असे वाटत असेल, तर आधी संदेश पुसावेत, मग खाते. कारण खाते गेल्यावर ४१ क्रमांकाचे संदेश आपलेच आहेत, हे सिद्ध करण्याचे साधन आपल्या हाती उरत नाही.