‘कमी झालेत’ हे उत्तर नव्हे

“थोडे कमी झालेत, डॉक्टर.” समोरची आई हे म्हणते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आशा असते, आणि नेमकी तीच मला मोडावी लागते. मोठ्या मुलांच्या फिट्स दहावरून दोनवर आल्या तर आपण औषधाला गुण आला म्हणतो. तान्ह्या बाळांच्या या झटक्यांचा, म्हणजे इन्फंटाइल स्पॅझमचा, हिशेब तसा नाही. इथे दहाचे दोन होणं म्हणजे औषध लागू न पडणं. झटका एक-दोन सेकंदांचा असतो, पण दोन झटक्यांच्या मधल्या वेळातही मेंदूत लहरींचा सावळागोंधळ चालू असतो. ईईजीवर तो दिसतो, त्याला आम्ही हिप्सअरिथ्मिया म्हणतो. बाळाचं हसणं, ओळखणं, मान धरणं मागे पडतं ते बरंचसं या गोंधळामुळे. म्हणून झटके शून्यावर यायला हवेत आणि ईईजीही निवळायला हवा. दोन्ही झालं तरच उत्तर ‘हो’.

आई-बाबांनो, आज एका बाळाच्या उपचाराचा हिशेबच तुमच्यापुढे मांडते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. तिला आपण छकुली म्हणू.

छकुली जन्मताच उशिरा रडली होती, मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. आपल्याकडे या आजारामागे हे कारण बरेचदा सापडतं. सहाव्या महिन्यात ती झोपेतून उठली की मान खाली घालून दोन्ही हात पसरायची, पुन्हा सैल व्हायची, पुन्हा तेच. ओळीने वीस-पंचवीस वेळा. घरात आधी पोटातला वारा, मग दचकणं, मग दृष्ट, असं सगळं ठरून झालं. शेवटी आईने फोनवर व्हिडिओ काढला, आणि तो पाहून माझं अर्धं काम झालं. ही नजर आई-बापाचीच असते. १८४१ साली डॉ. वेस्ट यांनी ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून हे झटके प्रथम वर्णिले, ते स्वतःच्या मुलाचे होते. त्यांच्याच नावाने याला वेस्ट सिंड्रोम म्हणतात.

पहिल्या फळीत औषधं दोनच. एक, तोंडाने द्यायचं स्टेरॉइड प्रेडनिसोलोन किंवा एसीटीएच या हार्मोनची इंजेक्शनं, आणि दुसरं व्हिगाबॅट्रिन. बाळाच्या अंगावर पांढरे चट्टे असतील आणि ट्यूबरस स्क्लेरोसिस निघाला, तर व्हिगाबॅट्रिन आधी. एरवी बहुतेक ठिकाणी स्टेरॉइडने सुरुवात होते. काही केंद्रं दोन्ही एकदम देतात. २०१७च्या एका मोठ्या अभ्यासात एकत्र औषधांनी जास्त बाळांचे झटके थांबले, मात्र पुढे दीड वर्षाच्या वयात विकासात फरक दिसला नाही. म्हणून यावर डॉक्टरांचं एकमत नाही.

छकुलीचं वजन ६ किलो. प्रेडनिसोलोन किलोला रोज ४ मिलिग्रॅम धरलं, म्हणजे दिवसाला २४ आणि सकाळ-संध्याकाळ १२-१२. (काही डॉक्टर वजन न पाहता सगळ्या बाळांना रोज ४० मिलिग्रॅम देतात आणि आठवड्यात गुण नसेल तर ६० करतात. तुमच्या चिठ्ठीवर तसं असेल तर घाबरू नका, तीही रुळलेली पद्धत आहे.) सिरप ५ मिलिलिटरमध्ये १५ मिलिग्रॅमचं लिहिलं होतं, म्हणजे एका वेळी ४ मिलिलिटर. औषध दूध पाजल्यावर, बिनसुईच्या सिरिंजने द्यायचं. घरातल्या चमच्याने नाही, कारण कुठल्याही दोन घरांतले चमचे सारखे नसतात.

तिसऱ्या दिवशी फोन केला. आई खुशीत होती. बाळ शांत आहे, भूकही नेहमीचीच, काही त्रास नाही. मला मात्र तेच खटकलं. एवढ्या स्टेरॉइडवर बाळ सहसा शांत राहत नाही. ते चिडचिडं होतं, झोपत नाही, सारखं दूध मागतं. बाटलीच्या लेबलचा फोटो मागवला. औषध तेच, पण ५ मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅमचं! गावातल्या दुकानात जोरदार सिरप नव्हतं, दुकानदाराने साधं दिलं. ४ मिलिलिटरमधून बाळाला १२ ऐवजी ४ मिलिग्रॅम जात होते. चूक तशी कुणा एकाची नव्हती. चिठ्ठीवर मी मिलिलिटर ठळक लिहिले होते आणि मिलिग्रॅम बारीक. आता उलट लिहिते. तुम्हीही दर नव्या बाटलीला लेबलवरचे दोन आकडे वाचा: किती मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम. आकडा बदललेला दिसला तर डोस देण्याआधी फोन करा.

बाटली बदलली आणि दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली. आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री दोन आकडे लिहायचे ठरवले: आज झटक्यांच्या किती रांगा आल्या आणि सगळ्यात मोठ्या रांगेत किती झटके होते. दुसऱ्याच दिवशी छकुली चिडायला लागली, रात्री तीनला दूध मागायला लागली. आई रडकुंडीला आली. मी तिला म्हटलं, “आता औषध पोटात जातंय.”

या काळात आम्हाला खरी धास्ती असते ती रक्तदाबाची आणि संसर्गाची. रक्तदाब वाढला तरी बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून तो आठवड्यातून दोनदा मोजून घ्यायचा. पट्टा बाळाच्या दंडाच्या मापाचा हवा आणि बाळ शांत हवं. रडत्या बाळाचा आकडा धरू नका. छकुलीचा एकदा जास्त आला, झोपल्यावर पुन्हा घेतला तर ठीक होता. लघवीतली साखर पट्टीने तपासली जाते. औषध सुरू करण्याआधी घरात कुणाला टीबी आहे का हे मी विचारलं होतं, कारण स्टेरॉइडमुळे दडलेला टीबी उसळू शकतो. गोवर किंवा कांजिण्यांचा रुग्ण जवळ आला तर त्याच दिवशी कळवायचं. आणि लस! जिवंत विषाणूंच्या लसी, म्हणजे तोंडाने द्यायचा पोलिओ आणि नवव्या महिन्याची गोवर-रुबेला, स्टेरॉइड चालू असताना द्यायच्या नाहीत. बंद झाल्यावर निदान महिनाभर थांबायचं. पोलिओ रविवारी दारात आलेल्या ताईंना हे सांगायचं राहून जातं.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा. हे औषध आपल्या मनाने एकाएकी बंद करायचं नाही. बाहेरून एवढं स्टेरॉइड मिळायला लागलं की मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी आपलं काम थांबवतात. औषध हळूहळू उतरवतात ते त्यांना जागं व्हायला वेळ मिळावा म्हणून. औषध संपल्यावरही काही आठवडे, कधी महिने, त्या पुऱ्या जाग्या नसतात. त्या दिवसांत बाळाला ताप आला, उलट्या झाल्या, ते मलूल झालं, दूध ओढेना, तर घरी वाट पाहू नका. दवाखान्यात पोचताच पहिलं वाक्य हे सांगा: “बाळाला मोठ्या डोसचं स्टेरॉइड चालू होतं.”

चौदावा दिवस उजाडला. कॅलेंडरवर शेवटचे चार दिवस शून्य होते. आई पेढे घेऊन आली होती. मी म्हटलं, आधी ईईजी. तोही झोपेतला आणि झोपेतून उठतानाचा, कारण गोंधळ झोपेत उघडा पडतो आणि झटके उठताना येतात. कागदावर हिप्सअरिथ्मिया तसाच होता. उठताना सहा वेळा डोळे किंचित वर गेले आणि हनुवटी जराशी खाली आली. दर वेळी ईईजीवर झटक्याची खूण उमटली. आई शेजारीच होती, तिला ते दिसलं नाही. मलाही नुसत्या डोळ्यांनी दिसलं नसतं. औषधाने झटके बारीक केले होते, थांबवले नव्हते. उत्तर ‘नाही’.

अशा वेळी ‘अजून पंधरा दिवस बघू’ म्हणणं मला पटत नाही. झटके जितके लांबतात तितका विकास मागे ओढला जातो. प्रेडनिसोलोन उतरवायला घेतलं आणि त्याच दिवशी व्हिगाबॅट्रिन सुरू केलं.

आता वजन ६.४ किलो होतं, म्हणून हिशेब नव्याने. ५०० मिलिग्रॅमची पूड किंवा गोळी १० मिलिलिटर पाण्यात विरघळवली की १ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम येतं. सुरुवात किलोला रोज ५० मिलिग्रॅमने, म्हणजे दिवसाला ३२०, एका वेळी १६०, म्हणजे ३.२ मिलिलिटर. तीन दिवसांनी किलोला १००: एका वेळी ६.४ मिलिलिटर. इथे एक गंमत बघा. या द्रावणात, दिवसातून दोनदा देताना, १००च्या डोसचे मिलिलिटर म्हणजे बाळाच्या वजनाचा आकडाच! आकडा त्याहून फार वेगळा दिसला तर कुठेतरी चुकलंय. आणखी तीन दिवसांनी १५०: एका वेळी ९.६ मिलिलिटर. त्यापुढे आम्ही सहसा जात नाही. औषध दर वेळी ताजं कालवायचं, उरलेलं टाकून द्यायचं. फुकट गेल्यासारखं वाटतं, पण संध्याकाळसाठी ठेवायचं नाही.

१००वर छकुली पेंगुळली, अंग सैल पडलं. दूध नीट पीत होती म्हणून तसंच पुढे गेलो. पीत नसती तर थांबले असते. १५०वर आल्याच्या तिसऱ्या दिवशी शेवटची रांग आली. दोन आठवड्यांनी पुन्हा झोपेतला ईईजी काढला. हिप्सअरिथ्मिया नव्हता. या वेळचे पेढे मी खाल्ले.

व्हिगाबॅट्रिनचा सगळ्यात अवघड मुद्दा डोळ्यांचा. हे औषध डोळ्याच्या पडद्याला इजा करू शकतं. समोरचं दिसतं, पण कडेचं दिसेनासं होतं, आणि गेलेलं परत येत नाही. धोका दिवसांबरोबर वाढतो, म्हणून गुण आला तरी आम्ही हे औषध साधारण सहा महिन्यांवर आणून थांबवतो, तेही हळूहळू उतरवत. दोन आठवड्यांत गुण नाही आला तर उगाच चालू ठेवत नाही. तान्हं बाळ ‘कडेचं दिसत नाही’ म्हणून सांगणार नाही. सुरुवातीला आणि मग दर तीन महिन्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, जिथे सोय असेल तिथे पडद्याची विद्युत तपासणी, ईआरजी, करायची. तपासणीने इजा रोखता येत नाही, फक्त कळते. छकुलीच्या बाबांनी विचारलं, “मग देतो कशाला?” मी म्हटलं, झटके चालू राहिले तर डोळे चांगले असूनही मेंदू बघायला शिकणार नाही. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “सहा महिन्यांची तारीख लिहून द्या.” मी चिठ्ठीवर लिहून दिली.

छकुली आता बाबांचा आवाज आला की मान वळवते. बसायला उशीर होणार, कारण जन्मावेळची इजा औषधाने भरून येत नाही, हे घरात सगळ्यांना सांगून झालंय. शेवटचा डोस मागच्या आठवड्यात झाला. बऱ्याच बाळांचे झटके पुन्हा उलटतात, म्हणून ती सकाळी आणि दुपारी झोपेतून उठते तेव्हा आई अजून पाच मिनिटं फोन रोखून बसते, आणि रात्री कॅलेंडरवर आकडा लिहिते. काल रात्रीही शून्य होतं.