कुबट वासाचा ताळेबंद

जुलैत बेळगावात कपडे वाळत नाहीत, ही तक्रार काही नवी नाही. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी निराळीच तक्रार उभी राहिली. वाळलेला टॉवेल घडीत चांगला असे. अंग पुसताना जरा ओला झाला की कुबट वास येई. शेजारच्या अक्का कन्नडात त्याला ‘कमटु’ म्हणतात. दोष प्रथम पावसावर, मग साबणावर आणि शेवटी समोरून दार असलेल्या आमच्या वॉशिंग मशीनवर आला. मेकॅनिकने दाराचे रबर बदलायचे साडेतीन हजार सांगितले. मी पडलो वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. खर्च मंजूर करण्यापूर्वी हिशेब तपासावा, असे मी ठरवले.

प्रथम आईच्या सांगण्यावरून व्हिनेगर वापरून पाहिले. दोन कप ड्रममध्ये ओतून मशीन रिकामे चालवले. वास गेला आणि चौथ्या दिवशी परत आला. असे का झाले?

या मशीनमध्ये वास दोन गोष्टींचा असतो, अशी आपली समजूत असते: पाणी आणि साबण. खरा वास तिसऱ्याच गोष्टीचा असतो. अंगाचे तेल, कपड्यांचे तंतू आणि न विरघळलेला साबण यांचा बुळबुळीत थर ड्रमच्या मागे आणि रबराच्या घडीत बसतो. त्यावर जंतू व बुरशी वाढतात. आपण नेहमी थंड पाण्यात धुतो, त्यामुळे तेल सुटत नाही. साबण जास्त घातला तर तोही तिथेच साचतो. वर दार घट्ट लावून ठेवले की ओल कोंडते.

आता व्हिनेगरचा हिशेब पाहा. बाटलीतील आम्ल साधारण 5 टक्के असते. दोन कप म्हणजे 400 मिलिलिटर. त्यात आम्ल 20 ग्रॅम. ते मशीनमधल्या सुमारे 12 लिटर पाण्यात मिसळले की 0.2 टक्केसुद्धा उरत नाही. आम्लाचे काम क्षार विरघळवण्याचे. बोअरच्या जड पाण्याने पांढरा थर बसला असेल, तर त्यावर ते थोडेफार चालते. तेलकट थरावर मात्र ते कमजोर पडते. शिवाय वारंवार वापरल्यास रबराला अपाय होण्याची भीती असते.

म्हणून दुसऱ्यांदा मी हातांनी सुरुवात केली. वीज आणि नळ बंद करून खालच्या कोपऱ्यातील झाकण उघडले. आत एक बारीक नळी असते. तिच्यातून पाणी पसरट ताटात काढले आणि मगच फिल्टर हळूहळू फिरवून सोडवला. केसांचा गोळा, एक केसाची पिन, दोन रुपयांचे नाणे आणि काळा गाळ निघाला. मग रबराची खालची घडी बोटांनी उलटली. तिथे पाणी साचले होते, कारण निचऱ्याची भोके तंतूंनी बुजली होती. जुन्या टूथब्रशने आणि कोमट साबणपाण्याने ती घडी घासली. साबणाचा खण बाहेर ओढून त्याच्या वरची पोकळीही पुसली.

एवढे झाल्यावर सफाईची गोळी टाकली. पाकिटावर घटक वाचून घ्यावेत. ज्या गोळीत सोडियम परकार्बोनेट असते, ती गरम पाण्यात ऑक्सिजन सोडते. तोच बुळबुळीत थर तोडतो आणि जंतू मारतो. थंड पाण्यात तिचे काम मंदावते, म्हणून 60 अंशांवर रिकामे मशीन चालवले आणि मध्ये तासभर थांबवून ठेवले. पाण्यात तपकिरी पापुद्रे तरंगताना दिसले. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा एकदा तसेच केले. तेव्हा पाणी स्वच्छ निघाले. रबरावर काळे डाग राहिले, पण ते नुसते डाग होते. रबर कुठे फाटले नव्हते, गळत नव्हते. साडेतीन हजार वाचले.

तेव्हा गोळी श्रेष्ठ की व्हिनेगर? कुबट वासासाठी गोळी. पांढऱ्या क्षारासाठी आम्ल. त्यातही व्हिनेगरपेक्षा सायट्रिक ॲसिडची पूड बरी. दोन्ही एकाच वेळी घालू नयेत, आणि क्लोरीनच्या ब्लीचमध्ये आम्ल तर कधीच मिसळू नये. विषारी वायू सुटतो. फिल्टर आणि रबराची घडी मात्र कोणतीही गोळी साफ करीत नाही. वास गटारासारखा असेल, तर मशीनला दोष देण्याआधी सांडपाण्याची नळी मोरीत फार खोल गेली आहे का, ते पाहावे.

आता धुणे झाले की आई कपडे लगेच काढते, रबर पुसते आणि दार व खण किंचित उघडे ठेवते. साबण मापाने घालायचे काम माझ्याकडे आले आहे. टॉवेल ओला झाला तरी नुसता ओलाच लागतो. अक्कांनीही हुंगून तसे सांगितले.